स्वॅप केल्यावर चेहरा ओळखीचा का राहत नाही? गडद त्वचा, फेस स्वॅप मॉडेल आणि चाचणी

या भागात आपण फेस स्वॅपबद्दल बोलणार आहोत, पण डीपफेक कसा ओळखावा हा आजचा विषय नाही. आजचा प्रश्न सरळ आहे. एकच मॉडेल, एकच सेटिंग. एका माणसाचा चेहरा बसवला तर हुबेहूब बसतो आणि दुसऱ्याचा बसवला तर तो दुसराच कुणीतरी दिसायला लागतो. हा दुसरा माणूस बहुतेक वेळा सावळा किंवा काळा का असतो? आणि हे खरंच होतंय की आपल्याला तसं वाटतंय, हे मोजायचं कसं? नेहमीप्रमाणे बोलणं जसंच्या तसं खाली उतरवलं आहे. कोडचा एक छोटा तुकडा आहे, तोही इथेच मिळेल.

याचा आपल्याशी काय संबंध, ते आधी सांगतो. वर्सोवा, अंधेरी, गोरेगाव या पट्ट्यात कास्टिंगची ऑफिसं आहेत, एडिट स्टुडिओ आहेत, पुढे फिल्मसिटी आहे. स्टंट करणाऱ्याच्या अंगावर कलाकाराचा चेहरा बसवणं, हे स्वॅपचं अगदी साधं आणि वैध काम. दुसरं काम म्हणजे साक्षीदाराची ओळख लपवणं. २०२० मध्ये आलेल्या ‘वेलकम टू चेचन्या’ या माहितीपटात जीव धोक्यात असलेल्या लोकांचे चेहरे असेच बदलले होते. आता कल्पना करा, स्टुडिओत चाचणी झाली आणि एका सावळ्या मुलीचा चेहरा नीट बसला नाही. खोलीत कुणीही म्हणत नाही की मॉडेल कच्चं आहे. म्हणतात, “हिचा चेहरा यात चालत नाहीये, दुसरी बघा.” चूक मॉडेलची आणि काम जातं तिचं. म्हणून मोजायचं.

आधी मशीनच्या पोटात काय चालतं ते

स्वॅपमध्ये दोन चित्रं असतात. ज्याचा चेहरा लावायचा तो सोर्स, आणि ज्याच्या अंगावर लावायचा तो टार्गेट. ओळख सोर्सकडून घ्यायची. डोकं कुठे वळलंय, हसू किती आहे, उजेड कुठून येतोय, हे सगळं टार्गेटकडून.

पायऱ्या पाच. पहिली, फोटोत चेहरा शोधायचा. दुसरी, दोन डोळे, नाक आणि ओठांचे दोन कोपरे असे पाच बिंदू पकडून चेहरा ठरलेल्या चौकटीत सरळ करायचा. तिसरी, सोर्सचा चेहरा आर्कफेससारख्या ओळख-मॉडेलला द्यायचा. ते त्या चेहऱ्याचे ५१२ आकडे करून देतं. हे आकडे म्हणजे मॉडेलच्या लेखी तुमची ओळख. चौथी, ते आकडे आणि टार्गेटचं चित्र घेऊन जनरेटर नवा चेहरा काढतो. पाचवी, तो चेहरा मूळ फोटोत परत चिकटवायचा आणि कडा मिसळायच्या. त्यानंतर बरेच जण चित्र धारदार करायला GFPGAN किंवा CodeFormer चालवतात. त्याला आपण एन्हान्सर म्हणू.

या प्रत्येक पायरीवर गळती होऊ शकते. पण मला मुख्यतः तिसऱ्या पायरीबद्दल बोलायचंय, कारण चाचणी फसते ती तिथेच.

ओळखीचे आकडे आणि गर्दी

ते ५१२ आकडे म्हणजे एका प्रचंड मैदानातला पत्ता आहे असं समजा. मॉडेलला शिकवताना लाखो फोटो दाखवतात आणि सांगतात, एकाच माणसाचे फोटो जवळ ठेव, वेगवेगळ्या माणसांचे लांब ठेव. ज्या प्रकारचे चेहरे शिकताना भरपूर दिसले, त्यांच्यातले बारीक फरक मॉडेलला कळतात आणि त्यांना मैदानात ऐसपैस जागा मिळते. जे थोडेच दिसले त्यांना एका कोपऱ्यात दाटीवाटीने बसवलं जातं. सकाळी साडेआठची घाटकोपर मेट्रो आणि दुपारी अडीचची, एवढा फरक.

हे नुसतं अनुमान नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने डिसेंबर २०१९ मध्ये १८९ चेहरा-ओळख अल्गोरिदमांची तपासणी प्रसिद्ध केली. दोन वेगळी माणसं एकच आहेत असं मशीनने म्हणण्याचं प्रमाण पश्चिम आणि पूर्व आफ्रिकेतल्या आणि पूर्व आशियातल्या चेहऱ्यांवर सर्वांत जास्त निघालं, पूर्व युरोपातल्या चेहऱ्यांवर सर्वांत कमी. देशादेशांतला फरक काही ठिकाणी शंभर पटींपर्यंत होता. यातली मजेची गोष्ट अशी, की चीनमध्ये तयार झालेल्या काही अल्गोरिदमांत पूर्व आशियाई चेहऱ्यांवरची ही अडचण दिसली नाही. म्हणजे दोष चेहऱ्यात नाही, मॉडेल कुणाचे चेहरे बघत मोठं झालं त्यात आहे.

भारतीय चेहऱ्यांचं काय? गौरव जैन आणि स्मृती पार्शीरा यांनी २०२१ मध्ये एक तपासणी मांडली. भारतातल्या निवडणूक उमेदवारांचे ३२ हजारांहून जास्त फोटो घेऊन त्यांनी बाजारातली चेहरा-विश्लेषणाची साधनं तपासली. लिंग ओळखताना बायकांच्या चेहऱ्यांवर चुका जास्त झाल्या. त्याआधी २०१८ मध्ये जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू यांच्या ‘जेंडर शेड्स’ने हेच दाखवलं होतं. गडद त्वचेच्या बायकांवर एका साधनाची चूक ३४.७ टक्के, आणि गोऱ्या पुरुषांवरची सर्वांत जास्त चूक ०.८ टक्के. हे दोन्ही अभ्यास स्वॅपचे नाहीत हे खरं. पण स्वॅप उभा असतो तो चेहरा शोधणाऱ्या आणि ओळखणाऱ्या अशाच मॉडेलांच्या खांद्यावर.

आता हे स्वॅपमध्ये कसं उतरतं ते बघा. सिमस्वॅपसारख्या पद्धतीत जनरेटरला शिकवताना ओळख-मॉडेलच विचारतं, “तू काढलेला चेहरा सोर्सच्या पत्त्याच्या किती जवळ आला?” पत्ते लांब लांब असतील तर जनरेटरला नेमका चेहरा काढावाच लागतो. पत्ते दाटीत असतील तर त्या कोपऱ्यातला कुठलाही सरासरी चेहरा काढला तरी तो ‘जवळ’ पडतो आणि मार्क मिळतात. म्हणून गडद चेहऱ्यांचा स्वॅप कधीकधी अगदी स्वच्छ दिसतो, कुठे फाटत नाही, पण तो त्या माणसाचा नसतो. आईला दाखवला तर म्हणेल, “हा कोण?”

उजेडाचं गणित

दुसरं कारण पिक्सेलचं आहे. शिकवताना ‘काढलेलं चित्र आणि खरं चित्र यातला फरक’ असाही एक दंड असतो, आणि तो बहुधा सरळ वजाबाकीने काढतात. गोऱ्या गालाचा पिक्सेल १८० असेल आणि मॉडेल १० टक्के चुकलं, तर दंड १८. गडद गालाचा पिक्सेल ४० असेल आणि मॉडेल तेवढंच, १० टक्के चुकलं, तर दंड ४. प्रमाणात चूक सारखीच आहे, पण दुसरी स्वस्त पडते. गडद त्वचेवर गालाचं हाड, नाकाची कड, ओठाखालची सावली हे सगळे आकार याच लहान आकड्यांत लपलेले असतात. मॉडेलला ते शिकण्याची घाई नसते. त्यात फोटो ट्यूबलाइटखाली काढलेला असेल आणि व्हॉट्सॲपवरून आलेला असेल, तर अंधारातले बारीक फरक आधीच चेपले गेलेले असतात.

तिसरी गळती एन्हान्सरची. GFPGAN आणि CodeFormer दोन्ही FFHQ नावाच्या ७०,००० फोटोंच्या संचावर शिकलेत, आणि ते फोटो फ्लिकरवरून घेतलेले आहेत. अस्पष्ट चेहरा दिला की हे मॉडेल पाहिलेल्या चेहऱ्यांच्या आठवणीतून तपशील भरतं. २०२० मध्ये पल्स नावाच्या प्रयोगात बराक ओबामांचा धूसर फोटो दिला तर गोरा माणूस बाहेर आला, हे गाजलेलं उदाहरण. एन्हान्सर इतका उघड उघड चुकत नाही, तो हळूच एक शेड उजळ करतो. हळूच असल्यामुळे लक्षातही येत नाही.

आणि चौथी, आपल्या घरातली गोष्ट, टिकली. inswapper_128 हे खूप वापरलं गेलेलं मॉडेल १२८ बाय १२८ पिक्सेलच्या चौकटीत काम करतं. त्या चौकटीत दोन डोळ्यांतलं अंतर साधारण ३५ पिक्सेल येतं. मोठ्या माणसाच्या दोन बुबुळांत सुमारे ६३ मिलिमीटर अंतर असतं, म्हणजे एक पिक्सेल झाला १.८ मिलिमीटरचा. चार मिलिमीटरची टिकली उरली दोन पिक्सेलची. ज्या मॉडेलने टिकल्या फार पाहिल्या नाहीत त्याला ती तीळ आहे, डाग आहे की मुद्दाम लावलेली वस्तू आहे हे कळायला जागाच नाही. नथीच्या तारेचं तेच. म्हणून चाचणीच्या फोटोंत टिकली, नथ, चष्मा, मिशी हे सगळं असायलाच हवं. ‘स्वच्छ’ पासपोर्ट फोटोंवर चाचणी केली तर निकालही पासपोर्टपुरताच.

आता चाचणी: माणसं कशी निवडायची

पहिला मोह होतो तयार डेटासेट घेण्याचा. आरएफडब्ल्यूमध्ये चार गट आहेत, फेअरफेसमध्ये सात, आणि दोन्हींत ‘इंडियन’ हा एकच डबा आहे. आता मुलुंडच्या एकाच सोसायटीत जिना चढताना किती रंग भेटतात ते आठवा. त्या एका डब्याची सरासरी काढली की गव्हाळ चेहरे काळ्या चेहऱ्यांचे मार्क झाकून टाकतात. त्यामुळे गट आडनावावरून, जातीवरून किंवा राज्यावरून करू नका. रंग मोजा आणि त्यावरून गट करा.

मोजायला आयटीए नावाचा कोन आहे. फोटोतला रंग लॅब या मापनात नेला की L म्हणजे उजळपणा आणि b म्हणजे पिवळेपणा मिळतो. सूत्र असं:

```
ITA = arctan((L - 50) / b) × 180 / π
```

आणि कोड एवढाच:

```python
import numpy as np
from skimage.color import rgb2lab

def ita(rgb, mask):
    lab = rgb2lab(rgb)[mask]
    L, a, b = np.median(lab, axis=0)
    return np.degrees(np.arctan2(L - 50, b))
```

`mask` म्हणजे गालाचा असा तुकडा, ज्यावर दाढी नाही, चमक नाही. L ६५ आणि b १६ असेल तर कोन येतो साधारण ४३ अंश, म्हणजे उजळ. L ४५ आणि b १८ असेल तर उणे १५.५, म्हणजे सावळा. L ३८ आणि b १६ असेल तर उणे ३७, म्हणजे गडद.

इथे दोन सावधगिऱ्या. एक, नेहमीच्या वर्गवारीत १० पासून उणे ३० पर्यंत एकच ‘ब्राउन’ पट्टा धरतात. आपल्याकडच्या कामाला तो फार रुंद आहे. तो उणे १० वर तोडून दोन करा. दोन, फोटोवरून काढलेला आयटीए कॅमेऱ्याच्या व्हाइट बॅलन्सवर नाचतो. म्हणून प्रत्येकाचा एक फोटो एकाच खोलीत, एकाच दिव्याखाली, हातात ग्रे कार्ड धरून काढा आणि गट त्याच फोटोवरून ठरवा. पडताळणीसाठी दोन जणांना मंक स्केलच्या दहा छटांशी गाल जुळवायला सांगा. ही स्केल २०२२ पासून खुली आहे. मशीन आणि माणसं फार वेगळं सांगत असतील तर फोटो परत काढा.

संमती लेखी घ्या. त्यात लिहा की हा चेहरा कुणाच्या अंगावर लावला जाईल, फाइल कोण ठेवील आणि कधी पुसली जाईल. ग्रुपवरच्या डीपी उचलून चाचणी करायची नाही.

उजेड वेगळा करा, मगच मॉडेलला दोष द्या

प्रत्येक माणसाचे फोटो तीन उजेडांत घ्या: दिवसा खिडकीजवळ, घरच्या ट्यूबलाइटखाली आणि रात्री रस्त्याच्या दिव्याखाली. फोनचा कॅमेरा बहुतेक वेळा पूर्ण चित्राची सरासरी बघून एक्स्पोजर ठरवतो. मागे पांढरी भिंत असली की सावळा चेहरा आणखी काळवंडतो. खिडकीजवळच्या फोटोंत दोन गटांतला फरक जवळजवळ मिटत असेल, तर अडचण मुख्यतः कॅमेऱ्याची आहे आणि शूटिंगमध्ये दिवा वाढवून सुटेल. चांगल्या उजेडातही फरक उरत असेल, तर तो मॉडेलचा. हे वेगळं न करता काढलेला निष्कर्ष कुणीही खोडून काढेल, आणि बरोबरच करेल.

मग जोड्या लावा. उजळ सोर्स उजळ टार्गेटवर, उजळ गडदवर, गडद उजळवर, गडद गडदवर. चारही रकाने वेगळे ठेवा. गडद सोर्स उजळ टार्गेटवर नेताना रंग कुणाचा ठेवायचा याचं उत्तर मॉडेलकडे स्पष्ट नसतं, त्यामुळे तिथला गोंधळ निराळा असतो. मॉडेलची खरी परीक्षा गडद सोर्स गडद टार्गेटवर जातो तेव्हा. तिथे रंगाचं निमित्त नाही.

काय मोजायचं

पहिलं, चेहरा सापडलाच नाही असे फोटो. बहुतेक स्क्रिप्ट असे फोटो गुपचूप वगळतात आणि उरलेल्यांची सरासरी छापतात. म्हणजे सर्वांत वाईट निकाल आधीच बाहेर. आधी हीच मोजणी गटवार लिहा.

दुसरं, ओळख. इथेच मघाची गर्दी आडवी येते. साधारण पद्धत अशी, की स्वॅपचे आकडे आणि सोर्सचे आकडे घेऊन त्यांची समानता काढायची. हे दोन कारणांनी फसवं. ज्या ओळख-मॉडेलने जनरेटरला शिकवलं त्यालाच पेपर तपासायला दिला, तर क्लासच्या सरांनीच बोर्डाचा पेपर तपासल्यासारखं होतं. आणि दाटीच्या कोपऱ्यात सगळ्यांचीच सगळ्यांशी समानता जास्त असते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ, आकडे फक्त समजण्यासाठी आहेत. उजळ गटात १० माणसं, गडद गटात १०. स्वॅप आणि सोर्स यांची सरासरी समानता उजळ गटात ०.६२, गडद गटात ०.६६. रिपोर्टमध्ये लिहिलं जाईल, “गडद चेहऱ्यांवर मॉडेल उलट चांगलं!” आता आणखी एक आकडा काढा: त्याच गटातल्या अनोळखी दोघांची समानता. समजा उजळ गटात ती ०.०५ आणि गडद गटात ०.२५ आली. म्हणजे खरं अंतर उजळ गटात ०.५७ आणि गडद गटात फक्त ०.४१. मग शेवटची परीक्षा. प्रत्येक स्वॅप घ्या आणि त्याच गटातल्या दहा जणांच्या रांगेतून विचारा, हा यातला कोण? उजळ गटात १० पैकी ९ बरोबर, गडद गटात ६. मघाशी जे मॉडेल पुढे दिसत होतं ते मागे पडलं. रांग त्याच गटातली हवी हे विसरू नका. मिश्र रांगेत नुसत्या रंगावरूनही ओळख पटते आणि निकाल फुगतो. तपासणारं मॉडेलही वेगळं हवं, वेगळ्या डेटावर शिकलेलं.

अर्थात तेही आपल्या चेहऱ्यांवर कच्चं असू शकतं. म्हणून आधी न बदललेल्या फोटोंवर तीच रांगेची परीक्षा घ्या. मूळ फोटोंवरच ते गडद गटात अडखळत असेल तर परीक्षकच अपात्र. आणि शेवटी माणसं. त्या व्यक्तीला रोज भेटणारे तिघे बोलवा, एका गटातले पाच फोटो समोर ठेवा आणि विचारा, “हा कुणाचा चेहरा?” छान दिसतं का, हे विचारू नका. सरासरी चेहरा नेहमीच छान दिसतो.

तिसरं, रंग. स्वॅपनंतर गालाचा आयटीए काढा आणि त्याच फोटोतल्या मानेचा काढा. मान मॉडेलने बदललेली नसते, ती साक्षीदार आहे. मूळ टार्गेट फोटोत गाल आणि मान यांत जेवढा फरक होता तेवढाच स्वॅपनंतर राहिला पाहिजे. हे एन्हान्सर बंद ठेवून एकदा आणि चालू करून एकदा करा. समजा गाल आधी L ४५, b १८ होता, म्हणजे उणे १५.५ अंश. एन्हान्सरनंतर L ५० झाला, म्हणजे शून्य अंश. पंधरा अंशांनी उजळ. पण जुन्या वर्गवारीत तो अजूनही ‘ब्राउन’च! म्हणून पट्टा बदलला का हे बघू नका, किती अंश सरकला ते बघा. आणि एन्हान्सर बंद केल्यावर सरकणं थांबत असेल, तर गुन्हेगार सापडला.

किती माणसं पुरतात

वीस माणसांचे प्रत्येकी तीस फोटो म्हणजे सहाशे पुरावे नाहीत, वीसच आहेत. एखाद्याचा चेहरा मॉडेलला जमत नसेल तर त्याचे तीसही फोटो बिघडतील. म्हणून आधी प्रत्येक माणसाचा निकाल काढा, मग गटाचा. एक सोपा हिशेब लक्षात ठेवा: एका गटात २० जण तपासले आणि एकही बिघाड दिसला नाही, तरी खरं बिघाडाचं प्रमाण ३ भागिले २०, म्हणजे १५ टक्क्यांपर्यंत असू शकतं. ‘आम्ही तपासलं, सगळं ठीक आहे’ या वाक्याची किंमत एवढीच. रिपोर्टमध्ये एकूण सरासरी छापण्याऐवजी सर्वांत वाईट गटाचा आकडा वर लिहा आणि त्यात किती माणसं होती तेही लिहा.

कुणी म्हणेल, आपल्या चेहऱ्यांवर स्वॅप नीट होत नाही तर बरंच आहे की, डीपफेक तरी बनणार नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकरांच्या नावाने एका गेमिंग ॲपच्या जाहिरातीचा बनावट व्हिडिओ फिरला, त्यांना स्वतः सांगावं लागलं की हा मी नाही. फसवायला हुबेहूब चेहरा लागत नाही, फोनच्या छोट्या पडद्यावर खपेल एवढा पुरतो. आणि बनावट पकडणारी मॉडेलंही अशाच संचांवर शिकतात. लोक त्रिन्ह आणि यान लिऊ यांनी २०२१ मध्ये तीन लोकप्रिय डिटेक्टर तपासले, तेव्हा वेगवेगळ्या गटांवरच्या चुकांच्या प्रमाणात १०.७ टक्क्यांपर्यंत फरक निघाला. म्हणजे ज्याचा स्वॅप नीट होत नाही त्याचा खरा व्हिडिओ खोटा ठरण्याची किंवा खोटा व्हिडिओ सुटून जाण्याची शक्यताही जास्त असू शकते. डिटेक्टर तपासताना गटवारी, तीन उजेड आणि माणसागणिक मोजणी हे तिन्ही जसंच्या तसं वापरता येतं.

सुरुवात करायची असेल तर गडद सोर्स गडद टार्गेटवर हा एकच रकाना, खिडकीजवळचा उजेड, एन्हान्सर बंद आणि त्याच गटातली दहा जणांची रांग एवढंच करा. एका शनिवारी होईल. त्यात जे दिसेल त्यावरून पुढचा खर्च ठरवा. कोडमध्ये कुठे अडलात तर खाली लिहा, पुढच्या भागात `mask` कसा काढायचा ते दाखवतो. भेटूया.